फिल्टर लाल आहे, पण बंद म्हणजे नक्की काय बंद?

काका नमस्कार, मी डिचोलीचा, वेर्ण्याला फॅक्टरीत शिफ्टमध्ये कामाला आहे. 6 लाखांवर ब्रेकआउट स्ट्रॅटेजी चालवतो, म्हणजे शेअरचा 20 दिवसांचा हाय तुटला की डिलिव्हरीत घ्यायचा, स्टॉपलॉस ठरलेला, एका ट्रेडला 6 हजारांची रिस्क. निफ्टी 200 दिवसांच्या सरासरीखाली गेला की बंद, असा फिल्टरसुद्धा लावलाय. पण महिन्याभरात तो तीनदा लाल-हिरवा झाला आणि दर वेळी हिरवा झाला की मी परत चालू केलं. 9 ट्रेड झाले, 7 स्टॉपलॉस, एक बरोबरीत, एकात 9 हजार मिळाले. एकूण 38 हजार गेले. आता बंद करू की ठेवू? आणि बंद केलं आणि मार्केट पळालं तर?
— स., डिचोली

बंद कर. म्हणजे नवीन खरेदी बंद, बाकीचं खाली सांगतो. पण आधी तुझा हिशोब जरा उलगडूया कारण त्यात एक गोष्ट लपलीय. 7 स्टॉपलॉस गुणिले 6 हजार म्हणजे 42, त्यातून 9 वजा केले की 33 हजार. मग 38 कुठून आले? वरचे 5 हजार गॅपडाउनचे आणि थोडे चार्जेसचे असणार, म्हणजे तू 412 ला स्टॉप ठेवलास आणि सकाळी शेअर उघडलाच 404 ला. पडत्या आणि वर-खाली होणाऱ्या मार्केटमध्ये नुसते जास्त स्टॉप लागत नाहीत, प्रत्येक स्टॉप तू ठरवलेल्यापेक्षा महाग पडतो. कागदावरची 6 हजारांची रिस्क प्रत्यक्षात पावणेसातच्या घरात जाते.

आता मुख्य मुद्दा. तू फिल्टरला एकच प्रश्न विचारतोयस, इंडेक्स खाली आहे का. खरं तर दोन विचारायला हवेत, खाली आहे का, आणि कसा खाली येतोय. सरळ घसरतोय की धक्के खात, चार दिवस वर पाच दिवस खाली असा? तुझ्यासारख्या फक्त खरेदी करणाऱ्या ब्रेकआउटवाल्याला यातला कुठला जास्त मारतो सांग बघू. बहुतेक जण म्हणतात सरळ घसरण. उलट आहे.

मार्च 2020 आठव. निफ्टी जानेवारीत 12,430 ला होता, 24 मार्चला 7,511 पर्यंत गेला. इतक्या सरळ घसरणीत शेअर आपल्या 20 दिवसांच्या हायपासून इतका लांब पडतो की एखाद्या दिवशी 4 टक्के उसळला तरी तिथवर पोचत नाही, म्हणजे सिग्नलच नाही. स्ट्रॅटेजी आपोआप गप्प बसते. तिथे मार बसतो तो आधीपासून हातात असलेल्या पोझिशनला, आणि त्याला फिल्टर काही करू शकत नाही, ते काम स्टॉपचं आणि पोझिशन साइजचं.

पण इंडेक्स हळूहळू आणि खडखडत खाली यायला लागला की वेगळंच होतं. शेअर महिनाभर 430 ते 460 मध्ये लोळतो, रोज एक जुना दिवस खिडकीतून बाहेर जातो त्यामुळे 20 दिवसांचा हायसुद्धा खाली सरकत येतो, आधी 480 होता तो आता 458. मग एक दिवस शॉर्टवाले घाबरून कव्हर करतात, इंडेक्स दीड टक्का वर, आणि तुझा शेअर 461. ब्रेकआउट! स्क्रीनरमध्ये एका संध्याकाळी पंधरा-वीस नावं. मनाला वाटतं आला रे तेजीचा वारा, आणि दुसऱ्या दिवसापासून विकणारे परत येतात कारण वर अडकलेल्यांना सुटायची घाई असते. तुझे 7 स्टॉपलॉस तारखेवार लिहून बघ, मी पैज लावतो त्यातले बरेचसे एंट्री इंडेक्सच्या दोन-तीन मोठ्या हिरव्या दिवसांभोवतीच सापडतील.

म्हणून घसरण आणि खडखड या दोन्ही गोष्टी एकत्र असतात तेव्हाच बंद. नुसती खडखड असेल पण इंडेक्स सरासरीच्या वर असेल तर मी बंद करत नाही, तिथे थोडे थोडे पैसे जातात हे खरं पण पुढची मोठी चाल बहुतेक तिथूनच सुरू होते आणि ती चुकली की वर्षाचा नफा चुकला.

खडखड मोजायची कशी? एडीएक्स आहे, चॉपीनेस इंडेक्स आहे, कुठलाही एक घे, सगळे एकावर एक लावू नकोस. मला सोपा वाटतो तो पेरी कॉफमनचा एफिशियन्सी रेशो. कल्पना अशी, तू पणजीत पार्किंग शोधत 10 किलोमीटर फिरलास आणि शेवटी गाडी लावलीस ती निघालास तिथून 800 मीटरवर (हे पणजीत अतिशयोक्ती नाही, चवथीच्या आधी तर मुळीच नाही). 800 भागिले 10,000 म्हणजे 0.08. इंडेक्सचं तसंच. 20 दिवसांत निफ्टी 24,000 वरून 23,700 ला आला, निव्वळ चाल 300 पॉइंट. पण रोजचे चढ-उतार चिन्ह न बघता बेरीज केले तर 3,600. रेशो 0.08, शुद्ध खडखड. तेवढ्याच 3,600 च्या धावपळीत तो 22,200 ला आला असता तर निव्वळ चाल 1,800 आणि रेशो 0.5, म्हणजे सरळ घसरण.

शीटमध्ये बी कॉलमात दुसऱ्या ओळीपासून रोजचा क्लोज टाक, एनएसईच्या साइटवर इंडेक्सचा जुना डेटा मिळतो. 201 व्या ओळीत हे दोन फॉर्म्युले, मग खाली ओढत जा. पहिला 200 दिवसांची सरासरी देतो, दुसरा रेशो.

```
=AVERAGE(B2:B201)
=ABS(B201-B181)/SUMPRODUCT(ABS(B182:B201-B181:B200))
```

रेषा कुठे मारायची? मी 0.25 धरतो, आणि त्याला थोडं कारण आहे. रोजची चाल खऱ्यासारखी कमी-जास्त ठेवून ती वर की खाली हे 20 दिवस नाणं उडवून ठरवलं, म्हणजे दिशा अजिबात नाही, तरी हा रेशो सरासरी 0.22 च्या आसपास येतो. त्यामुळे 0.25 च्या खाली म्हणजे मार्केटला नाण्यापेक्षा फारशी जास्त दिशा नाही एवढंच समजायचं. 0.24 आणि 0.26 मध्ये काही जादू नाही आणि एकट्या या आकड्यावर कधीच काही करायचं नाही, तो नाण्याच्या खेळातही कधी 0.05 येतो कधी 0.5.

हे मी म्हणतो म्हणून मान्य करू नकोस, तुझ्या स्वतःच्या बॅकटेस्टचे ट्रेड घे आणि प्रत्येक ट्रेडसमोर एंट्रीच्या दिवशी इंडेक्स कुठे होता ते लिही. चार ढीग होतील, वर-सरळ, वर-खडखड, खाली-सरळ, खाली-खडखड. प्रत्येक ढिगात जिंकलेले किती आणि सरासरी किती रिस्कच्या पटीत. समज बाकी ढिगांत मिळून 40 टक्के ट्रेड जिंकतात आणि जिंकलेला सरासरी रिस्कच्या अडीच पट देतो, तर शंभर ट्रेडमध्ये 100 मिळाले, 60 गेले, म्हणजे दर ट्रेडला 0.4 रिस्क नफा. आणि खाली-खडखडमध्ये 20 टक्के जिंकतात आणि दीड पटच देतात, तर 30 मिळाले आणि 80 गेले, म्हणजे दर ट्रेडला अर्धी रिस्क तोटा, तुझ्या भाषेत 3 हजार. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुझे वेगळे येतील. पण त्या एका ढिगात तुझा निकाल उणे नसेल तर बंद करायचा प्रश्नच मिटला, फिल्टर कितीही हुशार वाटो. एक सावधगिरी मात्र, दहा वर्षांच्या डेटातसुद्धा खाली-खडखडचे काळ हातावर मोजण्याइतकेच असतात, त्यात शंभर ट्रेड असले तरी ते पाच-सहा प्रसंगांतलेच, त्यामुळे 200 ऐवजी 187 दिवस घेतले की निकाल छान दिसतो असल्या खेळात पडू नकोस. 150 लावून बघ, 250 लावून बघ, दोन्हींनी निष्कर्ष तोच आला पाहिजे, नाही आला तर तो फिल्टर नाही, नशीब आहे.

आता तुझा खरा त्रास, लाल-हिरवा-लाल. यात मीसुद्धा पोळलोय त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. सप्टेंबर 2024 च्या शेवटी निफ्टी 26,277 चा उच्चांक करून उतरायला लागला, नोव्हेंबरात 200 दिवसांच्या सरासरीखाली, मग वर, डिसेंबरात परत खाली. माझा फिल्टर तेव्हा रोजच्या क्लोजवर होता. 2 जानेवारी 2025, गुरुवार, निफ्टी एका दिवसात साडेचारशे पॉइंट वर, 24,188 ला बंद, सरासरीच्या वर. माझं हिरवं. शुक्रवारी सकाळी मी तीन शेअर घेतले, त्या संध्याकाळी निफ्टी 24,004 ला म्हणजे रेषेला जवळजवळ चिकटून, आणि सोमवारी बंगळूरहून त्या एचएमपीव्ही विषाणूची बातमी आली, निफ्टी 23,616. तीनपैकी दोन स्टॉप त्याच दिवशी गेले, तिसरा बुधवारी. घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही, नुसतं डोकं दुखतंय म्हणून झोपलो. बातमीला दोष देण्यात अर्थ नव्हता. ती नसती आली तर दुसरी आली असती, चूक दाराची होती, माझं बंद व्हायचं आणि चालू व्हायचं दार एकच होतं आणि इंडेक्स त्या उंबरठ्यावरच उभा होता.

तेव्हापासून दोन दारं केली. बंद व्हायचं दार असं: शुक्रवारचा क्लोज 200 दिवसांच्या सरासरीखाली, 50 दिवसांची सरासरी चार आठवड्यांपूर्वीपेक्षा खाली, आणि रेशो 0.25 च्या आत. तिन्ही असले की बंद, एकच शुक्रवार पुरतो. चालू व्हायचं दार: सलग दोन शुक्रवार क्लोज 200 च्या सरासरीच्या निदान 1 टक्का वर. तिथे रेशो विचारायचाच नाही. मधल्या काळात रेशो 0.4 झाला, घसरण सरळ झाली, काहीही झालं तरी बंद ते बंदच, आत यायला एकच दार. बाहेर पडायला पटकन आणि आत यायला सावकाश, हे मुद्दाम तसं ठेवलंय. या नियमाने 3 जानेवारीचा 24,004 एक टक्क्याच्या अटीतच अडला असता, आणि पुढच्या शुक्रवारी तर निफ्टी 23,431 ला होता.

आणि शुक्रवारच का, तर आमच्या म्हापशाचा बाजार शुक्रवारी असतो म्हणून लक्षात राहतं, दुसरं काही कारण नाही! तुला शिफ्टमुळे शनिवार सोयीचा असेल तर शनिवारी बघ पण आकडा शुक्रवारचाच घे. रोज बघायचं नाही हे महत्त्वाचं, कारण रोज बघितलं की रोज निर्णय घ्यावासा वाटतो. मालीम जेटीवर बघ, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बांधून ठेवतात, मधे कडक ऊन पडलेले, समुद्र आरशासारखा असलेले दिवस येतातच की, म्हणून कुणी सकाळी उठून आज जाऊया का म्हणत नाही. त्यांना तारीख सरकार देतं, आपल्याला आपली अट आपणच लिहून ठेवावी लागते, एवढाच फरक.

आता बंद म्हणजे काय. नवीन खरेदी बंद, पूर्ण, अर्धी-मुर्धी नाही. हातातल्या पोझिशन मी विकून टाकत नाही, त्यांना त्यांचा स्टॉप आणि त्यांची एक्झिट आहे, त्या नियमाने जाऊ दे. फिल्टर लाल झाला म्हणून सगळं एका सकाळी विकणं म्हणजे बहुतेक वेळा वाईट दिवसाच्या दुसऱ्या दिवशी विकणं, वर नफ्यातल्यांवर 20 टक्के शॉर्ट टर्म टॅक्स आणि दोन्ही बाजूंनी 0.1 टक्का एसटीटी. पुढच्या महिन्यात परत तेच घेतलंस तर तो खर्च पुन्हा. तुझ्या बॅकटेस्टमध्ये सगळं विकलेलं बरं दिसत असेल तर खर्च आणि टॅक्स घालून परत बघ, माझ्यात तरी तो फरक उडून गेला होता.

एक जागा बहुतेक सगळेच विसरतात, जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर. तू शिफ्टला जातोस म्हणजे ब्रेकआउटच्या भावाला खरेदीचे जीटीटी लावून जात असणार. काही ब्रोकरकडे ते वर्षभर जिवंत राहतात. फिल्टर शीटमध्ये लाल, तू मशीनवर, आणि तिकडे एका हिरव्या दिवशी चार जीटीटी लागून चार शेअर खात्यात. तुझ्या 9 मधले असे किती होते तपासून बघ, मला शंका आहे.

मार्केट पळालं तर? पळेल. सुरुवातीचा तुकडा चुकणार हे नक्की धर, त्याची किंमत आधीच माहीत असलेली बरी. 2025 चाच पुढचा भाग घे. 7 एप्रिलला निफ्टी 22,161 ला बंद झाला, तो एप्रिलमधला तळ. एप्रिलच्या शेवटी सरासरी 24,050 च्या आसपास होती, म्हणजे एक टक्का वर 24,290 धर. 2 मेला निफ्टी 24,346, पहिला शुक्रवार पास. 9 मेला सीमेवरचा तणाव, 24,008, नापास, मोजणी परत शून्यापासून. 16 मे 25,019, 23 मे 24,853, दोन्ही पास. म्हणजे तळापासून साधारण 12 टक्के इंडेक्स वर गेल्यावर माझं दार उघडलं. दुखलं का, दुखलं. सोबतचे लोक एप्रिलमध्येच घेऊन बसले होते आणि मी शनिवारी शीट उघडून नुसता बघत होतो. पण त्याच नियमाने जानेवारी ते मार्चमधले खोटे ब्रेकआउटही टाळता आले असते, आणि ते कोण मोजतं, टाळलेला तोटा स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. म्हणून तो मोजायचा.

कसा, तर बंद असताना सिग्नल वहीत लिहीत राहा, घेतला असता तर एंट्री कुठे, स्टॉप कुठे, शेवट काय झाला, रिस्कच्या पटीत. गॅपडाउन झाला तर उघडलेल्या भावाचाच तोटा लिही, तिथे स्वतःला सूट देऊ नकोस. असे पंचवीस-तीस कागदी ट्रेड झाले की कळतं फिल्टर काम करतोय की नाही. वही उणे गेली तर फिल्टरने पैसे वाचवले. वही सतत, एकदा नाही तर दोन-तीन बंद काळांत, अधिक जात असेल तर फिल्टर तुझ्या स्ट्रॅटेजीला लागू नाही, काढून टाक. पण हा निर्णय स्ट्रॅटेजी चालू असताना घ्यायचा, लाल असताना वहीत चार चांगले दिसले म्हणून उडी मारायची नाही, नाहीतर आत्ता जे तीनदा केलंस तेच चौथ्यांदा.

अजून एक, तू घेतोस ते शेअर कुठले हे लिहिलं नाहीस. स्मॉलकॅप असतील तर निफ्टी 50 वर फिल्टर लावून उपयोग नाही. 2018 मध्ये स्मॉलकॅप जानेवारीपासून उतरत होते आणि निफ्टी ऑगस्टच्या शेवटी 11,700 च्या वर नवा उच्चांक करत होता, निफ्टीवाल्याचा फिल्टर हिरवागार आणि खातं लाल. जे विकत घेतोस त्याच कुटुंबातला इंडेक्स घे, स्मॉलकॅप 250 किंवा मिडकॅप 150, आणि ढीग त्यावरच पाड.

मोकळ्या पैशाचं फार डोकं लावू नकोस, लिक्विड फंडात टाक, हवे तेव्हा एक-दोन दिवसांत परत येतात. हे पैसे दुसऱ्या कुणाच्या टिपवर ऑप्शनमध्ये घालायची हुक्की येईल, कारण बंद काळात हात शिवशिवतात, शिफ्टवरून आल्यावर तर जास्तच. तसं केलंस तर बंद काही झालंच नाही.

या शुक्रवारी क्लोज झाल्यावर शीट भर आणि तिन्ही अटींचे आकडे मला पाठव, सोबत त्या 9 ट्रेडच्या एंट्रीच्या तारखाही. आणि ते जीटीटी आजच काढ, शुक्रवारची वाट बघत बसू नकोस.